दोन काउंटर, एक आधार कार्ड

सक्करदरा, नागपूर

चि. भाचीस,


काल संध्याकाळी तू तलावाच्या बाजूनं चालत घरी आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मामींनी चहा ठेवेपर्यंत तू दोन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्यास. मोबाइलच्या दुकानात सिम मागितलं तर पोरगा म्हणाला, तुमचं आधार पांढुर्ण्याचं आहे, एमपीचं, इथं चालत नाही. तिथून गॅस एजन्सीत गेलीस तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आधार ठेवा, पण इथल्या पत्त्याचा पुरावा आणा. तुला वाटलं, दोघांनी मिळून तुला परकं ठरवलं. रात्री मला झोप लागली नाही. एकोणतीस वर्षं मी गॅस एजन्सीच्या काउंटरमागे बसलो आहे आणि असा उतरलेला चेहरा हजार वेळा समोर पाहिला आहे. म्हणून बसून लिहितो. बोलण्यात राहून जातं, कागदावर राहत नाही.

पहिलं हे की त्या दोघांपैकी एक चूक होता आणि एक बरोबर. सिमवाला चुकला. गॅसवाल्या बाई बरोबर होत्या. दोन्हीकडे तू एकच कार्ड पुढे केलंस, पण दोन्हीकडचा प्रश्न एक नव्हता. मोबाइल कंपनीला मुख्यतः हे पाहिजे की सिम घेणारी तू तूच आहेस. गॅस कंपनीला त्याशिवाय हेही पाहिजे की सिलिंडर कुठल्या घरात पेटणार. तुझं आधार पहिल्या प्रश्नाचं पक्कं उत्तर देतं. दुसऱ्याचं उत्तर ते देतं, पण जुनं देतं, आणि जुनं उत्तर तिथे चुकीचं ठरतं.

आता सिमचं पाहू, कारण ते आधी झालं पाहिजे. का, ते पुढे येईल.

दुकानदार यंत्रावर तुझा अंगठा घेतो तेव्हा तो तुझ्या हातातलं कार्ड वाचत नसतो. अंगठा जुळला की तुझं नाव, जन्मतारीख, फोटो आणि पत्ता थेट आधारच्या नोंदीतून त्याच्या फॉर्मवर उतरतो आणि त्या पत्त्यात त्याला फेरफार करता येत नाही. म्हणून कार्डावर छापलेला पत्ता आणि नोंदीतला पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेव. पत्ता बदलून घेतल्यावरही पुष्कळांच्या खिशात जुनंच छापील कार्ड असतं. तुझ्या बाबतीत दोन्हीकडे पांढुर्णाच आहे. तर फॉर्मवर कायमचा पत्ता म्हणून पांढुर्णा उतरेल, आणि त्यात काही गैर नाही. ते तुझं घर आहेच.

मग तो पोरगा अडला कशाला? मोबाइलसाठी देशाचे विभाग पाडले आहेत, त्याला सर्कल म्हणतात. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून दुसरं. त्यामुळे गडचिरोलीच्या पार टोकाहून आलेली मुलगी नागपुरात सिम घ्यायला गेली तर ती आतली, आणि शंभर किलोमीटरच्या आतून, घरीदारी मराठी बोलत आलेली तू बाहेरची. बाहेरच्या ग्राहकाला सिम मिळतं. फक्त त्याला इथला राहायचा पत्ता आणि इथल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव व नंबर द्यावा लागतो. फॉर्मवर त्याला स्थानिक संदर्भ म्हणतात. त्या माणसाकडे चौकशी होऊ शकते. दुकानातल्या पोराला हा रकाना भरायचा कंटाळा आला असेल किंवा कुणी शिकवलंच नसेल. माझं नाव आणि नंबर लिही. फोन आला तर मी उचलीन. दुकानापेक्षा कंपनीच्या स्वतःच्या गॅलरीत गेलीस तर बरं, तिथल्या लोकांना बाहेरच्या सर्कलचे ग्राहक रोजचे असतात.

आधार नको वाटलं तर पारपत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना यावरही सिम मिळतं. आधारची सक्ती नाही. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांना सिमसाठी आधार मागण्यापासून रोखलं होतं. पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि ग्राहकाच्या मर्जीनं ते पुन्हा वापरता येऊ लागलं. दुसरं ओळखपत्र दिलं तर दुकानदार मूळ कागदाचा आणि तुझा, दोन्हींचे फोटो तिथल्या तिथे ॲपमध्ये घेतो. मात्र झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो चिकटवून फॉर्म देण्याची जुनी पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे. कुणी तुझ्याकडे आधारची झेरॉक्स ‘सिमसाठी’ म्हणून ठेवून घेऊ लागला तर देऊ नकोस, त्याला तिचं काही काम नाही.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. अंगठा एकदाच द्यायचा. ‘सर्व्हर गेला, पुन्हा ठेवा’ असं म्हणून दुसऱ्यांदा अंगठा घेतात आणि तुझ्या नावावर दुसरं सिम चालू करून विकतात, असे प्रकार झाले आहेत. खरोखर सर्व्हरही जातो, म्हणून पहिल्या वेळी यंत्रावर काय लिहून आलं ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच आणि मगच बोट पुढे कर. सिम चालू झालं की चार-आठ दिवसांनी sancharsaathi.gov.in वर जाऊन तुझ्या नावावर किती नंबर आहेत ते पाहा. तुझा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ अशी तक्रार करता येते. आणि काल तू म्हणालीस ना, की मैत्रिणीच्या आधारवर सिम काढून घेते? ते करू नकोस. एका माणसाच्या नावावर नऊ नंबर चालतात म्हणून मैत्रीण आनंदानं देईलही. पण उद्या तुझं बँकेचं, आधारचं, गॅसचं सगळं त्या नंबरवर येईल आणि कागदोपत्री मालकीण ती राहील. तिच्या मनात काही नसलं तरी सिम हरवल्यावर दुसरं काढायला दरवेळी तिलाच हाताशी धरून न्यावं लागेल.

आता गॅस. इथे मी जरा लांबण लावणार, कारण हे माझं आयुष्यभराचं काम.

तुझ्या आईच्या लग्नाच्या सुमारास गॅसला नंबर लावावा लागे आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. तेव्हा पत्ता म्हणजे रेशनकार्ड. कनेक्शन मिळालं की त्यावर गॅसचा शिक्का पडायचा आणि रॉकेल कमी व्हायचं किंवा बंद व्हायचं. त्या शिक्क्यामुळे घरोघरी कटकटी झालेल्या मी पाहिल्या आहेत. आज कागद बरेच आहेत. कंपन्यांच्या यादीत आधार, मतदार कार्ड, परवाना, पारपत्र आहेतच. शिवाय वीज, पाणी किंवा टेलिफोनचं ताजं बिल, भाडेकरार, घराची नोंदणी किंवा ताबापत्र, रेशनकार्ड, विमा पॉलिसी, बँकेचं स्टेटमेंट, आणि राजपत्रित अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं स्वतःचं निवेदन, यांतलं काहीही पत्त्यासाठी चालतं. ओळखीला एक कागद आणि पत्त्याला दुसरा, असं देता येतं. हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून वीसदा म्हणायचो. लोकांना वाटतं, दोन्ही एकाच कार्डावर असलं पाहिजे. तसं नाही. ओळखीला तुझं पांढुर्ण्याचं आधार, पत्त्याला सक्करदऱ्याचा भाडेकरार, झालं काम.

पण मग पत्त्याचा एवढा आग्रह का? बाईंनी तुझ्या शब्दावर विश्वास का ठेवला नाही? मी नोकरीत होतो तेव्हाची हकिकत सांगतो. एका जोडप्यानं भाड्याच्या घराचा कागद मिळेना म्हणून काकांच्या पत्त्यावर कनेक्शन घेतलं. कनेक्शन काकांच्या घरचं, सिलिंडर मात्र स्कूटरवर बांधून स्वतःच्या खोलीत. दोन वर्षं काही झालं नाही. एकदा रबरी नळी उंदरानं कुरतडली आणि आग लागली. माणसं देवाच्या दयेनं वाचली, पण ओट्यापासून छतापर्यंत खोली जळाली. एजन्सीत आले तेव्हा नुकसानीच्या कागदावर पत्ता एक आणि आमच्या नोंदीत दुसरा. तेल कंपन्यांचा विमा असतो, त्यात घराच्या नुकसानीची भरपाई एका घटनेला दोन लाखांपर्यंत मिळते, पण ती नोंदलेल्या घरातल्या नुकसानीची. त्या बाईंनी माझ्यासमोर टेबलावर डोकं टेकलं. माझ्याकडे त्यांना द्यायला एक ग्लास पाण्याशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून पत्त्याचा रकाना मी कधी सैल सोडला नाही. तू माझी भाची म्हणून माझ्या घरच्या पत्त्यावर कनेक्शन घे, असं मी काल म्हणालो नाही, त्याचं कारण हे आहे. तुला वाईट वाटलं असेल तर विसर.

दुसरं कारण रोजचं आहे. सिलिंडर दारात आला की पोहोचवणाऱ्याला मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. म्हणून मी म्हटलं, सिम आधी. आधी गॅस घेऊन त्यावर भावाच्या मित्राचा नंबर टाकलास तर दर महिन्याला कोडसाठी त्याला फोन करत बसशील.

आईच्या नावावर पांढुर्ण्यात गॅस आहे, मग मला मिळेल का, असंही तू विचारलंस. मिळेल. नियमात एका घराला एकच कनेक्शन, पण घर म्हणजे एका छताखाली राहून एका चुलीवर जेवणारं कुटुंब: नवरा-बायको, त्यांची अविवाहित मुलं, अवलंबून असलेले आईवडील. तू आणि भाऊ इथे वेगळी चूल मांडता आहात. फॉर्ममधल्या प्रतिज्ञेत खरं तेच लिही.

तर आता तुझ्याकडे कोणता कागद आहे? वीजबिल आहे, पण ते घरमालकाच्या नावाचं. त्यावरून ते घर अस्तित्वात आहे एवढंच कळतं, तू तिथे राहतेस हे कळत नाही. तो दुवा भाडेकरार जोडतो. तू म्हणालीस, मालकानं एका कोऱ्या कागदावर भाडं आणि अनामत लिहून सही दिली आहे. ती चिठ्ठी झाली, करार नव्हे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. पण मालकासमोर कलम काढून बसू नकोस. नोंदणी केली की भाडेकरू घर बळकावतो, अशी त्यांना धास्ती असते. खरं तर उलट आहे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असला की मुदतीनंतर खोली रिकामी करून घेणं मालकालाच सोपं जातं. हे त्यांना मी समजावीन.

खर्चही एवढा नाही. भाडं महिन्याला सात हजार, अकरा महिन्यांचे सत्त्याहत्तर हजार. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, म्हणजे एकशे त्र्याण्णव रुपयांच्या आसपास. तुझ्या अनामत रकमेवर दहा टक्के व्याज धरून त्यावरही पाव टक्का, ते पाच-दहा रुपये. नोंदणी फी महानगरपालिकेच्या हद्दीत एक हजार. बाकी जो घरी येऊन अंगठे घेऊन जातो त्याची मजुरी. ती आधी ठरवून घे, तिथेच लोक फसतात. अर्धा खर्च तू दे, अर्धा मालक देतील असं बोलून पाहू.

करार लिहिताना एकच काळजी घे. आपल्या नागपुरात एका घराचे तीन पत्ते असतात. मालकाच्या वीजबिलावर प्लॉट नंबर आणि ले-आउटचं नाव, घरटॅक्सच्या पावतीवर घर क्रमांक, आणि तोंडी ‘सक्करदरा तलावाजवळ’ किंवा ‘आयुर्वेदिक कॉलेजच्या मागे’. करारात वीजबिलावर आहे तस्साच पत्ता, अक्षराला अक्षर, उतरव, आणि त्यापुढे मजला व खोली जोड. मग करार आणि बिल शेजारी ठेवले की काउंटरवरच्या माणसाला विचारायला काही उरत नाही. जे अर्ज आम्ही परत पाठवत होतो त्यांतले कितीतरी खोटे नसायचे, फक्त दोन कागदांवर एकाच घराची दोन नावं असायची. देताना झेरॉक्सवर आडवं लिही, ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’, खाली तारीख आणि सही. आणि मूळ कागद काउंटरवर दाखवून लगेच परत घे.

पैशाचंही सांगून ठेवतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरची अनामत २०२२ च्या जूनपासून २२०० रुपये आहे, रेग्युलेटरची २५०. पैसे भरल्यावर जो कागद मिळतो त्याला आम्ही एसव्ही म्हणतो, सबस्क्रिप्शन व्हाउचर. तो हरवू नकोस. गाव सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून त्याच्याच आधारे अनामत परत मिळते. शेगडी एजन्सीकडूनच घेतली पाहिजे असं कुणी म्हटलं तर घेऊ नकोस, आयएसआय खुणेची कुठलीही चालते.

करार व्हायला आठ-पंधरा दिवस जातील. तोवर काय? तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर आण. इंडेनचा ‘छोटू’ तू पाहिला असशील, दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत. त्याला पत्त्याचा पुरावा लागतच नाही, कुठलंही एक ओळखपत्र पुरतं, आणि तो एजन्सीत किंवा काही पेट्रोल पंपांवर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, त्यावर सबसिडी नाही, पण पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. बुधवार बाजारात कुणी मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देतो म्हणाला तर त्याच्याकडे वळूनही पाहू नकोस. त्या भरण्यात गळती होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. गॅसचा वास आलाच तर खिडक्या उघड, रेग्युलेटर बंद कर, दिव्याचं बटण दाबू नकोस आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन कर.

तुमच्या समोरच्या बांधकामावर बालाघाटकडची कुटुंबं चुलीवर रांधतात, त्यांचं तू विचारलं होतंस. त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. १० ऑगस्ट २०२१ ला उज्ज्वलाचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याचा पुरावा माफ केला. त्याऐवजी स्वतः सही केलेलं निवेदन चालतं. कनेक्शन घरातल्या प्रौढ बाईच्या नावावर होतं आणि घरात आधीचं कनेक्शन नसावं लागतं. त्या बायकांना हे कुणी सांगत नाही. तू सांग. योजनेचे अर्ज कधी चालू असतात, कधी नसतात, ते मी जुन्या एजन्सीत विचारून ठेवतो.

राहिला प्रश्न आधारचा पत्ता बदलायचा की नाही. माझं मत असं: भावाचं कॉलेज तीन-चार वर्षं आहे, तू नोकरीला आहेस, तर बदल. पण सिम आणि गॅससाठी त्याची वाट पाहत बसू नकोस. बदलायच्या कामाचाही एक क्रम आहे. आधी आधार केंद्रावर जाऊन नवा मोबाइल नंबर जोड, त्याला अंगठा पुरतो, कुठलाही कागद लागत नाही. मग नोंदणीकृत भाडेकरार हातात आला की myaadhaar.uidai.gov.in वर स्वतः पत्ता बदलता येतो, कारण तिथे येणारा ओटीपी त्याच नंबरवर येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचं शुल्क ७५ रुपये आहे. करार नसेल तर ठरलेल्या नमुन्यातलं लोकप्रतिनिधीचं किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्रही चालतं, त्यावर तुझा फोटो आणि फोटोवर शिक्का असावा लागतो. मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपल्यावर पुढे बराच काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा आमच्या वस्तीतल्या भाडेकरूंची त्या सहीसाठी फार वणवण झाली.

बँकेचं मात्र सोपं आहे. आधारच्या अंगठ्यानं खातं उघडताना सध्याचा पत्ता वेगळा असेल तर स्वतःचं निवेदन देता येतं, हा नियम नोव्हेंबर २०१९ पासून आहे. शाखेत स्वतः जाऊन सक्करदऱ्याचा पत्ता लिहून दे. मग त्याच पत्त्याचं स्टेटमेंट येऊ लागेल, आणि मालक कराराला अगदीच तयार झाले नाहीत तर गॅससाठी ते स्टेटमेंट पुढे करता येईल. पण तो दुसरा मार्ग. पहिला करारच.

रविवारी सकाळी दहाला मी तुझ्याकडे येतो. मालकांना सांगून ठेव की मामा भेटायला येणार आहेत, कशासाठी ते सांगू नकोस, मी बोलीन. त्यांचं शेवटचं वीजबिल तेवढं मागून ठेव. तुझं आधार, भावाचं आधार, दोघांचे दोन-दोन फोटो एका पिशवीत घाल. परत येताना छोटू घेऊन येऊ. उचलायला मी आहे.

ताईला म्हणावं, पोरगी इथे परकी नाही.

तुझा,
मामा